कराडच्या पेठेत गाळा शोधताना

वहिनीला मॅचिंग सेंटर काढायचं होतं, म्हणून आम्ही दोघं कराडला गेलो. पहिली फेरी नेमकी बाजाराच्या दिवशी पडली. दत्त चौकाकडच्या एका गाळ्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती आणि वहिनी तिथंच बयाणा द्यायला निघाली. कसंबसं थांबवलं. पुढच्या आठवड्यात आडवारी गेलो, तर निम्मीही माणसं नव्हती. त्यामुळे बाजाराच्या दिवशी बघायला जरूर जा, पण सौदा आडवारी बघूनच ठरवा.

संध्याकाळी सहा वाजता पानटपरीजवळ उभं राहून पंधरा मिनिटं मोजलं. समोरून 140 बायका गेल्या, पण बहुतेकींना स्टँडवर एसटी गाठायची घाई. शेजारच्या दुकानांत थांबल्या फक्त सहा. मग आतल्या गल्लीत दुसरा गाळा पाहिला. तिथं त्याच वेळात 48 गेल्या आणि 17 थांबल्या. कारण उघड होतं: गल्लीत साड्यांची दोन दुकानं, तीन ब्लाउज शिवणारे आणि एक पिको-फॉलवाली. साडी घेतली की अस्तर आणि फॉल आलाच, आणि कमी पडलं तर शिंपी स्वतःच बाईला समोर पाठवतो. एक मॅचिंगवालाही आधीपासून आहे. वहिनीला त्याची धास्ती वाटली, मला उलट बरं वाटलं. म्हणजे मॅचिंग घ्यायला बायका या गल्लीत येतात हे सिद्धच झालं.

भाडं रस्त्यावर 22,000, गल्लीत 11,000. महिन्याचे 26 दिवस धरले, तर रोजचे साधारण 850 आणि 425 रुपये. या धंद्यात आम्ही शंभराला पंचवीस सुटतील असं धरलं. म्हणजे नुसतं भाडं निघायला रस्त्यावर रोज 3,400 चा गल्ला हवा, गल्लीत 1,700 चा. सरासरी बिल 120 चं धरलं, तरी रस्त्यावर 28 गिऱ्हाइकं घरमालकासाठीच राबायची.

गाडी लावायला गल्लीत दोनच स्कूटर मावतात. पण अस्तर घ्यायला कोणी चारचाकीतून येत नाही, म्हणून ते सोडून दिलं. फर्निचर किंवा भांड्यांचं दुकान असतं, तर हाच गाळा मी नाकारला असता. पेठेत सम-विषम तारखांचं पार्किंग असेल, तर दोन्ही तारखांना जाऊन बघा.

एक गोष्ट शेवटी सुचली, खरं तर आधी बघायला हवी होती. मॅचिंगला आलेली बाई कापड हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उजेडात जाते, ट्यूबलाइटखाली तिला रंग पटत नाही. गल्लीतल्या गाळ्याच्या दारावर शेजाऱ्याचा पत्रा पुढे आलेला, आत अंधार. मालकाला सांगून तो दोन फूट मागे घ्यायला लावला, मगच अनामत दिली. करार 11 महिन्यांचाच असला तरी नोंदणीकृत करून घेतला, आणि आधीचा भाडेकरू का गेला ते मालकाला न विचारता समोरच्या शिंप्याला विचारलं.