डेटा किती महत्त्वाचा आहे?

दुपारपासून एवढं एकच वाक्य डोक्यात घोळतंय. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा परत काढून देणाऱ्या लॅबने फॉर्म पाठवला. नाव, पत्ता, हार्ड डिस्क कुठल्या कंपनीची, किती टीबीची, असे साधे रकाने. आणि सगळ्यात खाली: डेटा किती महत्त्वाचा आहे? पुढे तीन चौकोन. कमी, मध्यम, अत्यंत.

ज्याला डेटा नकोच आहे तो फॉर्म भरायला कशाला बसेल? मग हे विचारायचं कशासाठी? ‘अत्यंत’वर टिक केली की पलीकडे कोणीतरी आकडा वाढवणार, असं मनात आलं आणि मग ते काही केल्या जाईना. डॉक्टरने नाडी बघायच्या आधी पगार विचारावा तसं वाटलं. आत्याचा आवाज त्या डिस्कमध्ये अडकलाय आणि मी चौकोनांशी भांडत बसलेय. रडू आलं, खोटं कशाला बोलू.

फॉर्म तसाच सोडला आणि ईमेल लिहायला घेतला. काय झालं ते तारीखवार, आपल्या शब्दांत.

‘डिस्क २ टीबीची, पोर्टेबल. कॉपी चालू असताना वायर ओढली गेली आणि जेवणाच्या टेबलावरून फरशीवर पडली.’ वायर कोणी ओढली हे लॅबला कळायची गरज नाही. वहिनी तेव्हापासून माझ्याशी जरा जास्तच गोड बोलते आहे, तेवढं पुरे. पण पडताना डिस्क चालू होती हे लिहायलाच हवं. बंद डिस्क पडली तर तिची हेडं, म्हणजे डेटा वाचणारी बारीक टोकं, बाजूला जाऊन बसलेली असतात. चालू असताना ती फिरत्या तबकडीवर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतात, आणि धक्का बसला की आपटतात. तपासणारा माणूस आधी हेच विचारणार.

‘पडल्यावर लॅपटॉपला लावली तेव्हा फिरत होती. नाव दिसलं आणि हा मेसेज आला: You need to format the disk in drive E: before you can use it. आम्ही फॉरमॅट केलं नाही.’ इथपर्यंत सरळ होतं.

पुढचं परिच्छेदभर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. दादाने ती स्टेशनजवळच्या एका दुकानात दिली. त्या माणसाने रात्रभर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. सकाळी डिस्क टक-टक करायला लागली होती, थोडा वेळ टकटकून गप्प, आणि लॅपटॉपवर काहीच नाही. ‘डिस्कच खराब आहे’ म्हणत त्याने परत केली. दादाला याबद्दल अजून काही बोललेले नाही. बोलेन की नाही, माहीत नाही.

हे लॅबला सांगायचं का? सांगितलं तर ‘आधीच कोणीतरी हात लावलाय’ म्हणून दर चढवतील, असं परत तेच पहिलं भूत. पण न सांगून चालणारच नाही. दुकानात जाण्याआधी हेडं निदान काहीतरी वाचत होती. दुखावलेल्या हेडाला रात्रभर न वाचता येणारी जागा पुन्हापुन्हा वाचायला लावली तर ते पार मरतं, आणि वाईटात वाईट म्हणजे तबकडीवर ओरखडा पडतो. ओरखडा पडला की तिथला डेटा कोणत्याही लॅबला परत आणता येत नाही. टकटक म्हणजे हेड आपली जागा शोधतंय, सापडत नाही, मागे येऊन परत जातंय. म्हणून सगळं लिहिलं. हेही लिहिलं की डिस्क उघडलेली नाही, सर्किट बोर्ड मूळचाच आहे, पासवर्ड लावलेला नव्हता, आणि टकटक ऐकल्यानंतर आम्ही ती परत चालू केलेली नाही. बोर्डाचं मुद्दाम लिहिलं. या डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट थेट बोर्डवरच बसवलेला आहे आणि काही मॉडेलांत डेटा त्या बोर्डावरच कुलूपबंद होतो, बोर्ड हरवला की सगळंच गेलं.

मग कोटेशन. इथे मात्र मी फारच वकिली केली. एकच आकडा नको, टप्प्याटप्प्याने द्या म्हटलं. तपासणीचे किती, आणि ते परत न मिळणारे आहेत का. हेडं बदलावी लागली तर त्याच मॉडेलची दुसरी डिस्क विकत घेऊन तिची हेडं काढावी लागतात, तिची किंमत यात धरली आहे की वेगळी. डेटा मिळाला नाही तर त्या डिस्कचे पैसे कोणाच्या माथी? ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ असं त्यांच्या पानावर मोठ्या अक्षरात आहे, पण सुट्या भागांचं काय, हे तिथे नाही. १८ टक्के जीएसटी धरून की वर? मिळालेला डेटा भरून द्यायला नवीन डिस्क कोणी आणायची? आणि माझ्या लेखी होकाराशिवाय डिस्क उघडू नका.

शेवटचा प्रश्न लिहिताना परत तिथेच आले. ‘डेटा मिळाला’ म्हणजे काय? चारपैकी तीन हेडांनी वाचलं, एक मेलं, तर ते म्हणतील पाऊण डिस्क परत आणली, पैसे द्या. पण मोठी फाइल एकाच हेडाखाली नसते, तुकड्यातुकड्याने सगळ्यांखाली पसरलेली असते. लग्नाचे हजारो फोटो बहुतेक धड येतील आणि आत्याच्या ओव्यांच्या लांबलचक रेकॉर्डिंगला मध्येमध्ये भोकं पडतील. टक्केवारीत बघितलं तर उत्तम काम. वर फोल्डरांची यादीच बिघडली असेल तर फाइली नावाशिवाय येणार, file000123.wav अशा काहीतरी.

म्हणजे कोणता फोल्डर हवा ते सांगावंच लागणार. बदललेली हेडंही कधी मध्येच दम टाकतात, म्हणून कॉपी करताना हवं ते आधी उचलायचं असतं. त्यांना प्राधान्य कळलं नाही तर ते बिचारे सुरुवातीपासून ओळीने वाचत जाणार, आणि सुरुवातीला आमच्याकडे काय, दादाने उतरवलेले क्रिकेटचे सामने.

म्हणजे तो प्रश्न अगदीच आगाऊ नव्हता. फक्त चुकीचा विचारला होता. किती महत्त्वाचा नाही, कोणता महत्त्वाचा.

तर लिहिलं: ‘Atya_Ovya हा फोल्डर सर्वांत आधी वाचा. सुमारे ४ जीबी, सगळ्या .wav फाइली. काम यशस्वी झालं की नाही हे या फोल्डरवरून ठरेल. पैसे देण्याआधी फाइलींची यादी दाखवा आणि त्यातल्या कोणत्याही दोन माझ्यासमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवा.’ आत्या कोण, ओव्या कसल्या, ते लिहिलं नाही. ते नाव वाचून त्यांना जे समजायचं ते समजेल. दर वाढवायचाच असेल तर मला घाबरलेली बघूनही वाढवतील, त्याला चौकोन लागत नाही. आमची वरची मर्यादा किती, तीही लिहिली नाही. ती दादालाही सांगितलेली नाही.

पाठवून टाकला.

दादा म्हणतो, कोटेशन आलं की बाईकवरून पटकन टाकून येतो. मी म्हटलं, नको रे, दुपारची ट्रान्सहार्बर लोकल रिकामी असते, मी बसून जाईन. वहिनी लगेच म्हणाली, मीही येते. येऊ दे. पिशवी मात्र मी धरणार.