"आयडीसकट पाहिजे"

पुण्यात आमचं जुन्या गेमिंग कन्सोलच्या दुरुस्तीचं आणि खरेदी-विक्रीचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी एक काकू मुलाचा पीएस4 पिशवीत घालून आल्या. 500 जीबीचा स्लिम, दोन कंट्रोलर, सहा डिस्क. मुलगा शिकायला जर्मनीला गेलेला. गिऱ्हाईक त्यांना आधीच मिळालं होतं. सोसायटीतल्या कुणाच्या तरी ओळखीचा एक जण 16 हजार द्यायला तयार होता. अट एकच, "आयडीसकट पाहिजे." भाव बरा आहे ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

भाव जरा जास्तच बरा होता, म्हणून मी मशीन लावून पाहिलं. मुलाचं अकाउंट चालू, पासवर्डही न विचारता आत जाता येत होतं, कार्ड जोडलेलं आणि डाउनलोड केलेले पंधराएक गेम. जादाचे पैसे या गेमसाठी होते. असे गेम अकाउंटच्या नावावर असतात, मशीनच्या नाही. पण एखादा पीएस4 त्या अकाउंटचा 'प्रायमरी' केलेला असेल, तर त्या मशीनवर कुणीही ते गेम खेळू शकतं. म्हणजे घेणाऱ्याला मुलाचं अकाउंट तसंच ठेवून हवं होतं. त्यात कार्ड आलं, मित्रांचे निरोप आले, आणि अकाउंट दुसऱ्याला विकणं सोनीच्या नियमांतही बसत नाही. उद्या मुलाने पासवर्ड बदलला तर घेणारा काकूंच्या दारात उभा राहणार, हे वेगळंच.

काकूंना हे पटलं, पण निर्णय मुलाचा होता. त्यांनी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "दादा, गेम जाऊ देत, माझे सेव्ह तेवढे वाचवा." क्लाउडवर सेव्ह ठेवायला सोनीच्या प्लेस्टेशन प्लस सेवेची वर्गणी लागते, ती संपलेली होती. मग पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला आणि Application Saved Data Management मधून सगळे सेव्ह त्यावर उतरवले. हे सेव्ह फक्त त्याच अकाउंटवर उघडतात, त्यामुळे पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती लागला तरी चिंता नाही. ट्रॉफीसुद्धा सिंक करून घेतल्या.

त्यानंतर Settings, Account Management, Activate as Your Primary PS4 इथे जाऊन Deactivate. ही पायरी बरेच जण गाळतात आणि थेट रीसेट मारतात. मशीन कोरं दिसतं, पण सोनीच्या सर्व्हरवर ते अजून जुन्या मालकाचं प्रायमरी म्हणून नोंदलेलं राहू शकतं. मग नवा पीएस4 प्रायमरी करताना अडतं. तेव्हा वेबसाइटवरून सगळी उपकरणं एकदम काढता येतात, पण ती सोय सहा महिन्यांतून एकदाच मिळते.

शेवटी Initialization मधून Initialize PS4. तिथे Quick आणि Full असे दोन पर्याय येतात. क्विक काही मिनिटांत होतं, पण खास सॉफ्टवेअर वापरून डेटा परत काढण्याची शक्यता राहते. विकायच्या मशीनला मी फुलच करतो, कितीही घाई असली तरी. त्याला काही तास लागतात आणि मध्ये वीज जाऊन चालत नाही, म्हणून दुकानातल्या इन्व्हर्टरच्या प्लगवर लावून ठेवलं. रीसेटआधी डिस्क ड्राइव्ह, वायफाय आणि दोन्ही यूएसबी तपासले होते. आमच्या दुकानाच्या अकाउंटने लॉगिनही करून पाहिलं होतं, कारण बॅन झालेलं मशीन ऑनलाइन जात नाही आणि ते नुसतं बघून कळत नाही.

आता भाव. जाहिरातीत लोक काय मागतात ते मी धरत नाही, सौदा कितीला झाला ते धरतो. त्या महिन्यात असा स्लिम एका चांगल्या कंट्रोलरसह आमच्याकडे 11 हजारांना जात होता. दुसऱ्या कंट्रोलरची डावी स्टिक हात न लावता सरकत होती. चांगला असता तर 1,500 धरले असते, स्टिक बदलायचे 500 वजा करून 1,000 धरले. चार गोष्टीवाल्या गेमच्या डिस्क प्रत्येकी 400. फुटबॉलच्या दोन जुन्या डिस्कना कुणी विचारत नाही, त्यांचं शून्य. एकूण 13,600. डाउनलोड गेमचे पैसे धरलेच नाहीत, कारण ते मशीनबरोबर जाणारच नव्हते.

आयडीवाल्याने फोनवर नकार दिला. आम्ही 14 हजार सांगून ठेवले, त्याच आठवड्यात एक वडील मुलाला घेऊन आले. मशीन सुरू केलं तेव्हा स्क्रीनवर भाषा निवडा एवढंच विचारत होतं. स्टिकचा दोष मी आधीच दाखवला, त्यांनी स्वतःची डिस्क घालून खेळून पाहिलं आणि सौदा 13 हजारांवर ठरला. सीरियल नंबर आणि स्टिकचा दोष, दोन्ही बिलावर लिहून दिले.


पेनड्राइव्ह काकू घेऊन गेल्या. जर्मनीला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी त्या तो पाठवणार होत्या.