अपडेट: बीटा -१.३७ चा गुंता अखेर सुटला (आणि तुलनेचा प्लॅन बदलतोय)

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये मी मोठ्या खुशीत लिहिलं होतं ना की mtcars वर वजन आणि हॉर्सपॉवरची तुलना झाली, आता पुढच्या डेटावर जातो, तर ते सगळं थांबवलंय. गेले दोन रविवार एकाच आकड्यामागे गेले, काल रात्री साडेअकराला तो सुटला, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतोय.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या १९७४ च्या ‘मोटर ट्रेंड’ मासिकातल्या ३२ गाड्या, mpg म्हणजे एका गॅलनला किती मैल, wt म्हणजे वजन हजार पाउंडात आणि hp म्हणजे हॉर्सपॉवर. साधं मॉडेल चालवलं की wt चा कोएफिशंट येतो -३.८८ आणि hp चा -०.०३२. बघणाऱ्याला वाटतं वजनाचा परिणाम शंभरपट मोठा, पण त्यात अर्थ नाही, कारण एकीकडे अख्खे हजार पाउंड वाढवलेत आणि दुसरीकडे फक्त एक हॉर्सपॉवर. म्हणून कोएफिशंटला त्या व्हेरिएबलच्या एसडीने गुणायचं आणि mpg च्या एसडीने भागायचं. एसडी अनुक्रमे ०.९८, ६८.६ आणि ६.०३ आहेत, त्यावरून बीटा आले wt साठी -०.६३ आणि hp साठी -०.३६. म्हणजे वजन एका एसडीने वाढलं की मायलेज ०.६३ एसडीने पडतं, हॉर्सपॉवर एका एसडीने वाढली की ०.३६ ने. इथपर्यंत आपलं मागेच झालं होतं.

मग आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणाले, "अरे, जड गाडीत आणि हलक्या गाडीत हॉर्सपॉवरचा परिणाम सारखाच असेल कशावरून? इंटरॅक्शन टाकून बघ." बरोबरच होतं त्यांचं. टाकलं, आणि आर-स्क्वेअर ०.८२७ वरून ०.८८५ वर गेला, फार छान वाटलं.

```r
m1 <- lm(mpg ~ wt + hp, data = mtcars)
m2 <- lm(mpg ~ wt * hp, data = mtcars)
```

m2 मध्ये wt -८.२२, hp -०.१२०, आणि गुणाकाराच्या टर्मचा कोएफिशंट ०.०२७८. हे घेऊन मी नेहमीच्या तयार पॅकेजला बीटा काढायला सांगितले आणि उत्तर आलं wt -१.३३, hp -१.३७. म्हणजे आता हॉर्सपॉवर वजनाच्या पुढे! आधी वजन जवळजवळ दुप्पट होतं, आणि एक टर्म वाढवली तर क्रमच उलटा, शिवाय दोन्ही आकडे एकच्या वर.

एकच्या वरचा बीटा म्हणजे चूकच असं नाही हां, व्हेरिएबल्स एकमेकांत गुंतलेली असली की तसं होऊ शकतं, बीटा हा काही कोरिलेशन नाही. पण क्रम उलटणं मला पटेना. पहिला संशय युनिट्सवर गेला, म्हणून वजन पाउंडांतून किलोत आणलं. कच्चा कोएफिशंट बदलला, बीटा तेच, -१.३३ आणि -१.३७. मग वाटलं आकडे पक्के आहेत, आपलीच समज कमी पडतेय, आणि पहिला रविवार इथेच संपला.

दुसऱ्या रविवारी गुणण्याऐवजी वजाबाकी करून बघितली. wt च्या कॉलममधून सरळ ३ वजा केले, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. m1 मध्ये फक्त इंटरसेप्ट बदलला, जे अपेक्षितच होतं. पण m2 मध्ये hp चा कोएफिशंट -०.१२० वरून थेट -०.०३७ वर आला आणि त्याचा बीटा -१.३७ वरून -०.४२ वर! मी wt ला हात लावला आणि hp हलला. आणि आर-स्क्वेअर तोच, प्रत्येक गाडीचं अंदाजे मायलेजही तेच. हे स्क्रीनवर दिसलं तेव्हा खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या घरात.

कारण असं आहे. इंटरॅक्शन असली की hp चा एकच एक उतार नसतोच, तो वजनाप्रमाणे बदलतो: -०.१२० + ०.०२७८ × वजन. टेबलात hp समोर जो -०.१२० छापून येतो तो वजन शून्य असतानाचा उतार. शून्य वजनाची गाडी! आपल्या डेटातली सगळ्यात हलकी लोटस युरोपासुद्धा १.५१३ म्हणजे दीड हजार पाउंडांची आहे. wt चा -८.२२ सुद्धा तसाच, शून्य हॉर्सपॉवरच्या गाडीसाठीचा. पॅकेजने त्या काल्पनिक गाडीचा उतार उचलला, एसडीने गुणला-भागला आणि माझ्या हातात ठेवला. एसडीने भागून मोजपट्टी बदलते, पण शून्य कुठे आहे ते बदलत नाही, आणि इथे सगळा घोळ शून्याचा होता. म्हणून किलोत नेऊन काही हललं नाही, कारण शून्य पाउंड म्हणजे शून्यच किलो.

म्हणजे क्रम महत्त्वाचा. आधी प्रत्येक कॉलममधून मीन वजा करा, एसडीने भागा, आणि त्यानंतर गुणाकार होऊ द्या. आधी गुणाकार करून मग प्रत्येक कॉलम वेगळा स्केल केला तर नाही चालत.

```r
z <- as.data.frame(scale(mtcars[, c("mpg", "wt", "hp")]))
m3 <- lm(mpg ~ wt * hp, data = z)
```

आता wt -०.६७, hp -०.३५, इंटरॅक्शन ०.३१. वजन परत पुढे, आणि आकड्यांना अर्थ आहे: सरासरी हॉर्सपॉवरच्या गाडीत वजनाचा परिणाम, सरासरी वजनाच्या गाडीत हॉर्सपॉवरचा परिणाम.

तरी एक गोष्ट खटकली, इंटरसेप्ट. सगळं स्टँडर्डाइज केलं की तो शून्य यायला हवा अशी माझी पक्की समजूत, आणि इथे -०.१९८. त्यात अर्धा तास गेला. wt आणि hp दोघांचा मीन शून्य आहे, पण त्यांच्या गुणाकाराचा मीन शून्य नाही, कारण जड गाड्यांत हॉर्सपॉवरही जास्त असते. तो मीन ०.६४ च्या आसपास येतो, त्याला ०.३१ ने गुणलं की बरोबर ०.१९८. उलट आता मी हाच इंटरसेप्ट खूण म्हणून बघतो, इंटरॅक्शन असताना तो नेमका शून्य आला तर समजायचं की गुणाकाराचा कॉलम वेगळा स्केल झालाय.

खात्रीसाठी माझदा RX4 हाताने केली, वजन २.६२, ११० हॉर्सपॉवर. m2 मधून २३.१ मैल. m3 मधून, wt चा झेड -०.६१, hp चा -०.५४, बेरीज करून आलं ०.४९८ एसडी, त्याला ६.०३ ने गुणून सरासरी २०.०९ मिळवली की परत २३.१. वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेत, फार समाधान वाटलं.

टूल्सबद्दल दोन शब्द. तयार बीटा देणारी पॅकेजेस इंटरॅक्शन नसेल तर उत्तम, असेल तर मी यापुढे वापरणार नाही, स्वतः scale करणार. फक्त scale() मॅट्रिक्स परत देतं, डेटाफ्रेम करायला विसरू नका, मी विसरलो की पुढची lm अडते. आणि पायथनवाल्यांनो, StandardScaler एसडी काढताना n ने भागतो, आर n-1 ने, त्यामुळे झेडचे आकडे किंचित वेगळे दिसतील, पण mpg आणि wt, hp सगळ्यांना तोच नियम लावला तर साध्या मॉडेलचे बीटा तेच येतात.

इथेच थांबणार होतो, पण लिहिता लिहिता वाटलं की उतार वेगवेगळ्या वजनांना काढून बघावा, आणि त्यातून नवीनच काम निघालं. होंडा सिव्हिकच्या वजनाला दहा हॉर्सपॉवर वाढवले की पाऊण मैल जातो, सरासरी वजनाला ०.३ मैल, आणि ४.३ हजार पाउंडांच्या पुढे चिन्हच उलटतं, म्हणजे हॉर्सपॉवर वाढवा आणि मायलेज वाढेल! यावर विश्वास ठेवू नका. त्या रेषेपलीकडे फक्त तीन गाड्या आहेत, कॅडिलॅक फ्लीटवुड, लिंकन कॉन्टिनेंटल आणि क्रायस्लर इम्पीरियल, तिघी पाच हजार पाउंडांच्या वर. तीन गाड्यांवरून तिथला उतार ठरत नसतो.

मग त्या तिघी काढून साधं m1 परत चालवलं, इंटरॅक्शनशिवाय. wt चा बीटा -०.६३ वरून -०.६७, म्हणजे फारसं काही झालं नाही असं वाटतं. पण कच्चा कोएफिशंट -३.८८ वरून -५.२० वर गेलाय, एक तृतीयांशाने! दोन्ही खरं आहे. तिघी गेल्या आणि वजनाचा एसडीच ०.९८ वरून ०.७३ वर आला, उतार वाढला आणि पट्टी आखूड झाली, गुणाकार जवळजवळ तिथेच राहिला. hp चा एसडी मात्र ६८.६ वरून ६७.९, हललाच नाही म्हणा ना. मी नुसता बीटा बघत बसलो असतो तर मॉडेल स्थिर आहे असंच लिहिलं असतं. बीटामध्ये उतार आणि डेटाचा पसारा दोन्ही मिसळलेले असतात, त्यामुळे दोन वेगळ्या सॅम्पलचे बीटा शेजारी ठेवून तुलना करणं मी आता बंद केलंय, तिथे कच्चे कोएफिशंटच.

त्यामुळे प्लॅन बदलला. ३२ गाड्यांचे बीटा राहू देत, पण त्याच्या शेजारी रोजच्या मापातला कॉलम टाकणार, १०० किलो आणि १० हॉर्सपॉवर. m1 वरून १०० किलोला ०.८५ मैल आणि १० हॉर्सपॉवरला ०.३२ मैल जातात. हे माझ्या मेव्हण्याला फोनवर सांगितलं तर त्याला लगेच कळलं, एसडी सांगितला असता तर नसतं कळलं. त्यात किती किलो म्हणजे किती हॉर्सपॉवर समजायचे ही निवड माझी असते हे मान्य आहे, पण ती निवड निदान उघड्यावर असते.

आणि am चा कॉलम, ऑटोमॅटिक की मॅन्युअल, ० आणि १, त्याला एसडीने भागून काय मिळतं? ‘०.५ मॅन्युअल’ असं काही नसतं. अँड्र्यू गेल्मन यांनी २००८ मध्ये सुचवलं होतं की बाकीचे इनपुट दोन एसडीने भागावेत आणि ०-१ वाले तसेच ठेवावेत, कारण निम्मे-निम्मे असतील तर ०-१ चा एसडी ०.५ असतो आणि दोन एसडी म्हणजे बरोबर एक. आपल्याकडे १३ मॅन्युअल आणि १९ ऑटोमॅटिक, एसडी ०.४९९, त्यामुळे चपखल बसेल. येत्या शनिवारी wt आणि hp दोन एसडीने भागून am सोबत चालवतो, आणि यावेळी आधी ३ वजा करून काय हलतं ते बघणार, मगच आकडे टाकेन.