लोकसंख्येचा धडा एका पानात, आणि लडाखचा रंग

सीताबर्डीवरच्या आमच्या डीटीपीच्या कामात परीक्षेच्या तोंडावर एक मागणी ठरलेली असते: अख्खा धडा एका ए-फोर पानात बसवून द्या. त्या दिवशी शिकवणीच्या एका मॅडम भारताच्या लोकसंख्येचा धडा घेऊन आल्या. सोबत तीन नकाशे आणि 2011 च्या जनगणनेचा राज्यवार तक्ता. "दादा, मुलं याची झेरॉक्सच काढणार आहेत, तेवढं लक्षात ठेवा," त्यांनी आधीच बजावलं.

तीन नकाशे एका पानात कोंबले की एकही वाचता येत नाही. म्हणून पानाचा राजा एकच नकाशा ठरवला, लोकसंख्येच्या घनतेचा. राज्याला रंग भरायचा तर तो घनतेचाच भरावा, एकूण लोकसंख्येचा नव्हे. राजस्थानात 6.85 कोटी लोक आणि केरळात 3.34 कोटी, या आकड्यांवर रंगवलं तर राजस्थान केरळपेक्षा गडद दिसेल. प्रत्यक्षात चौरस किलोमीटरला राजस्थानात 200 माणसं राहतात, केरळात 860. एकूण लोकसंख्येसाठी नकाशाशेजारी आडव्या पट्ट्या दिल्या, त्याही पहिल्या पाच राज्यांच्याच.

1 सेंटिमीटरला 200 किलोमीटर हे प्रमाण धरलं की भारत साधारण 15 सेंटिमीटर रुंद आणि 16 सेंटिमीटर उंच येतो. पानाची निम्म्याहून जास्त उंची त्यातच जाते, पण ती द्यावीच. या मापात दिल्ली जेमतेम 2 मिलिमीटरची होते, तिथे रंग दिसतच नाही. म्हणून रेघ ओढून आकडा बाहेर लिहिला.

खरी मेहनत रंगांसाठी घनतेचे गट पाडण्यात असते. सॉफ्टवेअरला गट पाडायला सांगितलं आणि समान अंतर निवडलं, तर ते सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पकडून मधल्या अंतराचे पाच सारखे तुकडे करतं. दिल्लीची घनता 11,320. म्हणजे पहिलाच गट सुमारे 2,278 पर्यंत जातो. बिहार 1,106 वर आहे आणि अरुणाचल 17 वर, तरी दोघं एकाच रंगात! त्या वेळची सगळी राज्यं या पहिल्या गटात मावतात, वर उरतात फक्त दिल्ली, चंदीगड आणि पुदुच्चेरी. नकाशा सगळीकडे फिक्का आणि मध्येच दोन-तीन गडद ठिपके असा दिसला, की गट चुकले हे ओळखावं. आम्ही सीमा हातानेच टाकल्या: 100 पेक्षा कमी, 100 ते 249, 250 ते 499, 500 ते 999, आणि 1,000 व त्यावर. देशाची सरासरी 382, महाराष्ट्र 365. दोन्ही मधल्या गटात येतात, मुलांच्या लक्षात राहायलाही सोपं.

मग रंग भरताना लडाखवर हात अडला. नकाशा आजच्या सीमांचा, तक्ता 2011 चा. तक्त्यात जम्मू-काश्मीर एकसंध आहे, घनता 124. तोच आकडा दोन्ही केंद्रशासित प्रदेशांना दिला तर दोन्ही दुसऱ्या गटात पडतात. पण लेह आणि कारगिल या दोन जिल्ह्यांची बेरीज 2,74,289. जनगणनेने पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यातला भाग घनतेच्या हिशेबातून वगळला आहे. तो वगळून लडाखचं क्षेत्र सुमारे 59 हजार चौरस किलोमीटर धरलं, तर घनता येते जेमतेम 5. उरलेल्या जम्मू-काश्मीरची त्याच हिशेबाने 290 च्या आसपास जाते. एक पहिल्या गटात, दुसरा तिसऱ्या गटात; 124 हा आकडा दोघांनाही लागू नाही.

"मग पुस्तकात 124 का?" मॅडमनी विचारलं. पुस्तक चुकलेलं नाही, तो आकडा जुन्या राज्याचा आहे, एवढंच. तेलंगणाचंही तसंच. 2011 ला ते आंध्रात होतं, आणि तक्त्यातले 8.46 कोटी दोघांचे मिळून आहेत. तेलंगणाचे सुमारे 3.5 कोटी वेगळे दाखवायचे तर आंध्राचे तितके वजा झालेच पाहिजेत, नाहीतर बेरीज देशाच्या 121 कोटींच्या वर जाते. शेवटी दोन्ही ठिकाणी जिल्ह्यांची बेरीज घेतली आणि नकाशाखाली लिहिलं: 'आकडे 2011 चे, सीमा सध्याच्या.' सीमारेषा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे पूर्णच काढायच्या, क्षेत्र हिशेबात धरलेलं असो वा नसो.

राहिली झेरॉक्स. मॅडमच्या कच्च्या नकाशात लाल आणि हिरवा असे गट होते. मशीनमधून दोन्ही एकाच करड्या रंगात बाहेर पडले. एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा घेतल्या तरी पाच छटा जुन्या मशीनवर टिकत नाहीत. सर्वांत फिकी पांढरी होते, वरच्या दोन मिळून काळ्या होतात. त्यामुळे पहिला गट कोरा ठेवला, दुसऱ्याला विरळ ठिपके, तिसऱ्याला तिरप्या रेघा, चौथ्याला जाळी, पाचवा भरीव काळा आणि त्यावर पांढरी अक्षरं. प्रमाणही आकड्यात न लिहिता पट्टीने दाखवलं, कारण झेरॉक्स लहान केली की लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं, पट्टी मात्र नकाशाबरोबरच आखडते. झेरॉक्सची झेरॉक्स काढून पाहिली, त्यात बिहार आणि झारखंड वेगळे ओळखू आले, तेव्हाच फाइल मॅडमना दिली.