एकशे त्र्याण्णवावी गाडी

परभणी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेल्या हंगामात आलेला बिघाड अजून माझ्या डोक्यातून जात नाही. काट्याचा इंडिकेटर वजन बरोबर दाखवत होता. चुकत होती ती पावती. भरलेल्या गाडीचं वजन साठवून ठेवायचं, गाडी रिकामी होऊन आली की वजाबाकी करून पावती छापायची, हे काम शेजारच्या डब्यातलं झेड८० प्रोसेसरचं जुनं कार्ड करतं. दुपारनंतर त्याचे पावती नंबर एकदम भलतेच व्हायचे आणि काही गाड्यांचं भरलेलं वजनच बदलायचं. उसाच्या गाडीपुढे उभ्या शेतकऱ्याला हे दिसलं की तो 'काटा मारला' म्हणणारच, आणि त्याचं म्हणणं मला मुळीच आगाऊ वाटत नाही. वर्षभराचं पीक त्या एका आकड्यावर असतं.

आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने कार्ड तापतं असं निदान करून पंखा बसवला होता आणि चारही रॅम चिप बदलल्या होत्या. काट्यावरचा कारकून मात्र हुशार निघाला. म्हणाला, "साहेब, उन्हाचं काई नाई. गाड्या कमी असल्या की दिवसभर नीट चालायलंय. एकशे नव्वदच्या फुडं गेलं की येड्यावानी करायलंय." त्याने स्वतःच्या वहीत प्रत्येक गाडीचं इंडिकेटरवरचं वजन हाताने लिहून ठेवलं होतं. पुढचं सगळं निदान त्या वहीवर उभं राहिलं.

कार्डाची रचना थोडक्यात सांगतो. झेड८०ला सोळा अॅड्रेस लाइन असतात, म्हणजे ६४ केबी जागा. खालच्या ३२ केबीत एकच २७२५६ ईप्रॉम, त्यात प्रोग्राम. ईप्रॉमच्या पेशीत ट्रान्झिस्टरच्या तरंगत्या गेटवर अडकलेला विद्युतभार हाच बिट असतो. अतिनील प्रकाश पाडेपर्यंत तो वर्षानुवर्षं टिकतो, वीज असो वा नसो. वरच्या ३२ केबीत रॅम हवी होती, पण तेव्हा सहज मिळणारी चिप ६२६४, म्हणजे फक्त ८ केबीची. म्हणून अशा चार बसवलेल्या. ही स्टॅटिक रॅम. तिची प्रत्येक पेशी एकमेकांना धरून ठेवणारं फ्लिपफ्लॉप असते. वीज आहे तोवर बिट जागचा हलत नाही, आणि स्वस्थ असताना चिप इतका कमी करंट घेते की रात्री वीज गेली तरी कार्डावरची छोटी बॅटरी गाड्यांच्या नोंदी सांभाळते.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलाने विचारलं, "सर, आमच्या पीसीतली रॅम का नाही टाकत? ती तर कितीतरी मोठी असते." ती डायनॅमिक. तिच्या पेशीत एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, म्हणूनच ती एवढ्याशा जागेत मोठी होते. पण कपॅसिटरमधला भार गळतो, आणि दर काही मिलिसेकंदांनी प्रत्येक ओळ वाचून पुन्हा लिहावी लागते. प्रोसेसर बंद असताना रात्रभर हे कोण करणार?

आता चार चिपांमधून एक कशी निवडली जाते ते. ८ केबीच्या आतली जागा ठरवायला तेरा लाइन लागतात, ए० ते ए१२. त्या चारही चिपांना समांतर जातात. उरलेल्या तिनांपैकी ए१५ खालचा अर्धा की वरचा ते सांगते. ए१३ आणि ए१४ या दोन लाइन ७४एलएस१३८ डिकोडरला जातात आणि तो चारांतल्या एकाच चिपेचा सिलेक्ट पाय खाली ओढतो. पहिली चिप 8000H पासून, दुसरी A000H, तिसरी C000H, चौथी E000H.

कार्ड चालू केलं. स्वतःची तपासणी करून त्याने RAM OK दाखवलं. त्या दिवसाच्या नोंदी आधी छापून घेतल्या. मग सॉकेटच्या पट्ट्या बघाव्यात म्हणून वीज बंद करून पहिली चिप काढली आणि ती बाहेर असतानाच कार्ड पुन्हा चालू केलं. RAM OK. 8000H ची चिप माझ्या हातात, आणि कार्ड म्हणतंय 8000H ठीक आहे! मग पहिली परत बसवून दुसरी काढली. या वेळी पहिल्याच पत्त्यावर RAM ERR 8000.

दुसरीही परत बसवली आणि माझ्याजवळचा तपासणीचा ईप्रॉम लावला. त्याचा गाभा एवढाच, चारही ठिकाणी आधी वेगवेगळे आकडे लिहायचे आणि सगळं लिहून झाल्यावरच वाचायचं:

```
LD A,11H
LD (8000H),A
LD A,22H
LD (0A000H),A
LD A,33H
LD (0C000H),A
LD A,44H
LD (0E000H),A
```

वाचताना आलं 22 22 44 44. एकाच घराला दोन पत्ते लागले होते. 8000H आणि A000H यांच्यात फरक एकाच बिटचा, ए१३चा. C000H आणि E000H मध्येही तोच. म्हणजे डिकोडरला ए१३ कायम १ दिसत होती. पहिली आणि तिसरी चिप कधी निवडलीच जात नव्हती. कार्डाची मूळ तपासणी प्रत्येक जागी 55H लिहून लगेच वाचते, मग AAH लिहून लगेच वाचते. लिहिलेलं ताबडतोब वाचलं तर दोन पत्ते एकाच पेशीवर पडले तरी ते बरोबरच येणार. असा प्रोग्राम लिहिणाऱ्याचा मला राग येतो. चार ओळी जास्त लिहायच्या होत्या.

लॉजिक प्रोब लावला. प्रोसेसरच्या ३ नंबरच्या पायावर ए१३ नाचत होती, ईप्रॉमवरही पोचत होती, म्हणून तर प्रोग्राम सुरळीत चालत होता. डिकोडरच्या १ नंबरच्या पायावर मात्र पल्स नव्हता, मीटर दीड व्होल्टच्या आसपास. एलएस जातीच्या आयसीचा पाय उघडा राहिला की तो १ समजतो. बॅटरीच्या बाजूने जाणारा ट्रॅक खालून हिरवा पडून तुटला होता. नोंदी सांभाळणाऱ्या बॅटरीचंच पाणी गळून त्याने तो खाल्ला होता. बॅटरी काढली, जागा घासून पुसली, पातळ वायरने दोन्ही पाय जोडले. आता 11 22 33 44.

आता कारकुनाच्या एकशे नव्वदकडे येतो. प्रोग्राममध्ये 8000H ते 87FFH चालू आकडे, सुरुवातीलाच पुढचा पावती नंबर आणि शिफ्टचं एकूण वजन. 8800H पासून गाड्यांच्या नोंदी, प्रत्येकी ३२ बाइटच्या. 9FFFH पर्यंत ६,१४४ बाइट, म्हणजे बरोबर १९२ गाड्या. एकशे त्र्याण्णवावीची नोंद A000H वर, आणि ती लिहिताच 8000H वरचा पावती नंबर पुसला जायचा. पुढची पावती निघताना प्रोग्राम तिथे नवा नंबर लिहायचा, तो त्या नोंदीत घुसायचा. शिफ्ट संपली की नोंदी नव्याने सुरू, म्हणून कमी गाड्यांच्या दिवशी काहीच दिसायचं नाही. पंखा बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी गाड्या कमी आल्या होत्या, हेही वहीतच सापडलं.

माझ्या रिपोर्टात मी लिहून दिलं की बिघाड सुरू झाल्यापासून ज्या शिफ्टमध्ये १९२ च्या वर गाड्या आल्या, त्यांतल्या पुढच्या सगळ्या पावत्या वहीशी ताडून बघाव्यात. ऑफिसने आधी टाळाटाळ केली, हंगामात वेळ नाही म्हणाले. हे मला पटलं नाही आणि अजून पटत नाही, कारण वही तिथेच होती आणि आकडे इंडिकेटरचे होते. शेवटी कारकून आणि मी बसून आठवड्याभराच्या पावत्या ताडल्या. ज्यांत फरक निघाला त्यांची यादी शेतकी अधिकाऱ्यांच्या सहीने हिशेबाला गेली. त्याच्या मागच्या पावत्या अजून ताडायच्या आहेत.