नातीला पाठवलेला पोळा

"काकू, मोबाइलसमोर बसून नातीला एवढं काय सांगता, आणि ते आधी लिहून कशाला काढता?"

लिहून काढते, कारण कॅमेरा सुरू झाला की "जेवलीस का, थंडी आहे का" यापलीकडे मला काही सुचत नाही, आणि सात वर्षांच्या मुलीला त्यात काडीचा रस नसतो. ती टोरांटोत शाळेतून घरी येते तेव्हा आमच्या यवतमाळकडच्या गावात मध्यरात्र उलटलेली असते, म्हणून असा निरोपच बरा पडतो. एका निरोपात मी एकच विषय घेते. यंदा तान्हा पोळा घेतला. कागदावरचा मजकूर असा होता:

"माझ्या सोन्या, श्रावण अमावास्येला पोळा असतो. आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे त्यांना सांगतात. तुझे आजोबा हे आवतण डोक्यावर टोपी घालूनच देत. जावयालाही ते इतक्या अदबीने बोलावत नसत, असे तुझी आत्या अजून म्हणते. पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल गावाच्या तोरणाखाली उभे राहतात, माणसे झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तुमचा, म्हणजे मुलांचा, तान्हा पोळा असतो.

हा बघ, तुझ्या पणजोबांनी सुताराकडून करवून घेतलेला सागवानी बैल. याला डावे शिंग नाही. लहानपणी तुझा बाबा याला दोरीने ओढत घरोघरी बोजारा मागायला गेला, आणि वाटेत शेजारच्या मुलाच्या बैलाशी त्याने याची झुंज लावून दिली. शिंग मोडले, तर 'बैल झोपेत पडला' असे घरी येऊन सांगितले. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी मोडक्या जागी हळद लावली आणि दुखणेकरी बैलाला रोज रात्री वैरण घालण्याचे काम तुझ्या बाबाकडे दिले. वैरण सकाळी नाहीशी झालेली असे, त्यामुळे बैल बरा होतो आहे अशी त्याची खात्री पटली. ती वैरण गाय खात होती, हे त्याला पार दिवाळीत कळले.

आता तू पुठ्ठ्याचा बैल कर, आणि त्याचे नाव मला कळव."

हे सगळे मी ओसरीत, उजेडाकडे तोंड करून आणि पंखा बंद ठेवून बोलते, कारण पंख्याच्या घरघरीत अर्धे शब्द जातात. झडती मात्र लिहीत नाही, ती म्हणून दाखवते. बोजारा म्हणजे काय, हे सांगत बसण्यापेक्षा बैलापुढे दोन नाणी ठेवते. तिला तेवढे पुरते.

उलट निरोप आला, त्यात बैलाचे नाव नव्हतेच. गायीचे माहीत असूनही आजोबांनी बाबाला इतके दिवस का सांगितले नाही, असे तिने जरा रागानेच विचारले आहे. त्याचे उत्तर लिहायला घेतले आहे.