घडी उघडली आणि ऑर्डर नाहीशी झाली

आज घडीच्या फोनवर आमचे ॲप तपासताना बंद घडीत एक ऑर्डर उघडली, मग घडी उघडली, तर समोर नुसती यादी आली आणि निवडलेली ऑर्डर गेली. कारण शोधल्यावर आमचीच जुनी करणी सापडली: `isTablet` पाहून आम्ही दोन वेगळे स्क्रीन दाखवत होतो आणि निवडलेल्या ऑर्डरची नोंद प्रत्येक स्क्रीन स्वतःपुरती ठेवत होता. शिवाय टॅबलेटवर स्क्रीन विभागून ॲप अर्ध्या खिडकीत आणले की `isTablet` चे मूल्य `true` च राहत असे आणि दोन्ही रकाने चेंगरून जात.

दुपारनंतर यादी आणि तपशील हे दोन सुटे भाग करून एकाच स्क्रीनमध्ये बसवले आणि निवडलेल्या ऑर्डरचा क्रमांक `SavedStateHandle` मध्ये एकाच ठिकाणी ठेवला. आता उपकरण नव्हे, तर खिडकीची रुंदी ठरवते: 600 डीपीच्या आत एकच भाग, त्यापुढे दोन्ही शेजारी. मटेरियल डिझाइनचा expanded टप्पा 840 डीपीपासून सुरू होतो, परंतु आमच्या फोनची उघडलेली रुंदी त्याच्या आतच भरत असल्याने मी खालची मर्यादा घेतली. तपशिलातील पत्ता त्यामुळे तीन ओळींवर जातो, हे मला अजून खटकते.